शेवटच्या रकान्यातलं वर्तुळ

आमच्या पाणलोट प्रकल्पाचा साप्ताहिक अहवाल म्हणजे एक साधा तक्ता. गावाचं नाव, कामाचं नाव, आजपर्यंत किती टक्के व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात किती टक्के झालं, आणि शेवटच्या रकान्यात एक वर्तुळ. काम अडलं असेल तर लाल, मागे पडलं असेल तर नारिंगी, वेळेत असेल तर हिरवं. तालुक्याच्या ऑफिसात तक्ता भरला जातो आणि दर सोमवारी त्यातलं फक्त गावाचं नाव आणि वर्तुळ व्हॉट्सअॅपच्या गटावर पडतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावांत नेटवर्क येतं आणि जातं, म्हणून पूर्ण तक्ता कोणी उघडत बसत नाही. कामावरच्या माणसापर्यंत पोचतं ते एवढंच (गावांची नावं इथे बदलली आहेत):

```
शिवणी   🟢
बोरगाव  🟠
पिंपरी   🟢
वडगाव  🔴
```

मी जन्मापासून लाल-हिरवा रंगांध आहे. म्हणजे मला जग काळंपांढरं दिसतं असा अर्थ लोक घेतात, तो खरा नाही. निळा मला स्वच्छ दिसतो, पिवळाही दिसतो. लालपासून हिरव्यापर्यंतचा जो पट्टा बाकीच्यांना एवढा वैविध्याचा वाटतो, तो माझ्यासाठी पिवळसर-तपकिरी छटांचा एकच पट्टा आहे, कुठे गडद, कुठे फिका. वरच्या यादीत वडगावचं वर्तुळ मला बाकीच्यांपेक्षा गडद दिसतं, म्हणून ते लाल असणार असा तर्क मी करू शकतो. बोरगाव आणि पिंपरी यांच्यात मात्र मला काहीच फरक दिसत नाही. दोन्ही सारखेच पिवळट. आणि यादी न येता एकट्या वडगावचं वर्तुळ आलं, तर तोही तर्क संपला. गडद म्हणायला शेजारी फिकं काहीतरी लागतं.

हा एकटेपणाचा मुद्दा मी बैठकीत पुन्हा पुन्हा मांडतो, कारण डोळस माणसाच्या तो चटकन लक्षात येत नाही. मला कोणी तीन वर्तुळं शेजारी ठेवून विचारलं, तर उजळपणावरून मी दोन तरी बरोबर लावेन, आणि विचारणारा म्हणेल, दिसतं की तुला. पण गटावर बरेच संदेश एकेक गावाचे येतात. "पिंपरी 🟢, फोटो जोडला आहे." तिथे तुलनेला काही नसतं. त्यात आपला एप्रिल-मे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात नाल्याच्या काठावर फोन काढला की स्क्रीनवर आकाशच जास्त दिसतं, आणि तापलेला फोन स्वतःहून उजेड कमी करतो. ज्वारीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यात जी काही गडद-फिकी खूण उरली होती, तीही तिथे जाते.

सिग्नलच्या दिव्याचं उदाहरण देऊन लोक विचारतात, मग तू यवतमाळच्या चौकात गाडी कशी चालवतोस? तिथे लाल वर असतो आणि हिरवा खाली. मी रंग वाचत नाही, जागा वाचतो. अहवालाच्या रकान्यात तिन्ही वर्तुळं त्याच एका जागी येतात, त्याच आकारात आणि त्याच मापात. आकार, जागा, माप, मजकूर या चार गोष्टींपैकी एकही बदलत नाही. सगळा अर्थ एकट्या रंगावर टाकलेला आहे, आणि तोही नेमका त्या दोन रंगांवर, ज्यांची गल्लत सर्वात जास्त माणसांच्या डोळ्यांत होते.

ही वर्तुळं तशी नवीन आहेत. 2010 साली युनिकोडच्या 6.0 आवृत्तीत लाल आणि निळं अशी दोनच मोठी रंगीत वर्तुळं होती. नारिंगी, पिवळं आणि हिरवं आली ती 2019 च्या 12.0 आवृत्तीत. त्याआधी हिरव्या वर्तुळाच्या जागी दुसरं काहीतरी शोधावं लागे, आणि ते दुसरं काहीतरी बहुधा वेगळ्या आकाराचं असल्यामुळे माझ्यासारख्याला कळायचं. संच पूर्ण झाला आणि आकारातला फरक गेला.

मधल्या रंगाची अडचण वेगळीच आहे. प्रकल्प-अहवालाच्या मूळ पद्धतीत मधला रंग अंबर, म्हणजे सिग्नलचा मधला दिवा. अंबर रंगाचं वर्तुळ इमोजीत नाहीच. त्यामुळे कोणी पिवळं वापरतं, कोणी नारिंगी. आमच्या गटात दोन्ही येतात. डोळसांना त्यानं काही फरक पडत नाही, दोन्हीचा अर्थ "जरा लक्ष द्या" असाच होतो. माझ्यासाठी या दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते नुसतं माझं म्हणणं राहू नये म्हणून मी एकदा ते मोजलं.

इमोजीचा रंग प्रत्येक कंपनी आपापला ठरवते, म्हणून एक संच धरावा लागतो. ट्विटरनं मोफत वापरासाठी खुला केलेला ट्विमोजी हा संच मी घेतला, कारण त्याचे रंग सपाट आहेत आणि त्यांचे आकडे कोणालाही पाहता येतात. लाल #DD2E44, नारिंगी #F4900C, पिवळा #FDCB58, हिरवा #78B159. वेबच्या सुगम्यता-नियमांत रंगाचा उजळपणा काढायचं एक ठरलेलं सूत्र आहे. काळ्याला शून्य, पांढऱ्याला एक. त्या सूत्रात लाल येतो 0.18, पिवळा 0.64. हिरवा येतो 0.36 आणि नारिंगी 0.39. दोन रंगांतला भेद त्याच नियमांत गुणोत्तरानं सांगतात. पांढऱ्यावर काळं म्हणजे 21, आणि दोन्ही तंतोतंत सारखे म्हणजे 1. नारिंगी आणि हिरव्याचं गुणोत्तर निघतं 1.07. पिवळा आणि हिरवा घेतले तर 1.68.

म्हणजे ज्याच्या डोळ्याला नारिंगी-हिरव्यातला रंगाचा फरक मिळत नाही, त्याला उजळपणाचाही आधार या जोडीत मिळत नाही. त्यातून हेही कळलं की पंचायत समितीत अहवालाची काळीपांढरी प्रिंट काढून वाटतात, तेव्हा तिथे बसलेले सगळेच, चांगले डोळस, माझ्या जागी येतात. त्या कागदावर मागे पडलेलं गाव आणि वेळेतलं गाव एकाच करड्या ठिपक्याचं असतं. कोणी विचारत नाही, कारण ठिपका दिसतोय म्हणजे माहिती दिली आहे असं प्रत्येकाला वाटतं.

माझ्या नजरेचं मला पहिल्यांदा कळलं ते वावरात. आमच्याकडे पऱ्हाटी. कपाशीवर लाल्या येतो तेव्हा पान कडेकडून लाल व्हायला लागतं, शिरा काही काळ हिरव्या राहतात, मग सगळं पान लाल होऊन गळतं. बाबा मला धुऱ्यावरून पाठवायचे, कोणत्या तासात लाल्या दिसतो ते पाहून ये म्हणून. मला पान वाळायला लागलं, कुरळं झालं की दिसायचं. त्याच्या आधीची ती लाली, जिच्यावरून बाबा दुरून बोट दाखवायचे, माझ्यासाठी नव्हतीच. मग एकदा मामाजी आले होते. ते बाबांना म्हणाले, "त्याले नका पाठवू भाऊजी. मलेही नाही दिसत तो. आमच्या घरचंच हाय हे."

मामाजींनी शास्त्र वाचलेलं नव्हतं, पण बोलले ते अचूक. लाल आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशींच्या रंगद्रव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी असतात आणि एकमेकांशी खूप मिळतीजुळती असतात. त्यामुळे पिढी पुढे सरकताना त्यांची अदलाबदल चुकीच्या ठिकाणी होते, एखादं गळतं किंवा दोघांचं मिश्रण तयार होतं. बाईकडे एक्स दोन असतात, एक बिघडलं तरी दुसरं काम सांभाळतं. पुरुषाकडे एकच. म्हणून हे आजीकडून मामाकडे जातं, आईकडून माझ्याकडे येतं, आणि आजी आणि आई दोघींना मात्र सगळे रंग दिसतात. माझ्याकडून ते मुलाला जाणार नाही, मुलीकडे नक्की जाईल, आणि तिच्याकडून कदाचित नातवाकडे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे सुमारे 8 टक्के आढळतं, बायकांत अर्धा टक्का. भारतातल्या पाहण्यांत प्रमाण त्याहून कमी निघतं. तरीही आमच्या गटात जेवढी पुरुष मंडळी आहेत, तेवढ्यांत मी एकटाच असेन असं धरून चालणं धोक्याचं होतं, आणि तसंच निघालं.

बोरगावच्या नाला खोलीकरणाची ही गोष्ट आहे. तिथे देखरेखीला एक काका होते, पन्नाशी ओलांडलेले, जमिनीची जाण अशी की पोकलेनचा दात मुरमाला लागला की आवाजावरून सांगत. फोन पाहायचे, पण टाइप करायचे नाहीत. मे महिन्यात एका सोमवारी त्यांच्या गावापुढे नारिंगी वर्तुळ आलं. ठरल्याप्रमाणे 70 टक्के खोदाई व्हायला हवी होती, झाली होती 55. तक्त्यातला नियम असा होता की दहापर्यंतचं अंतर हिरवं, दहाच्या वर नारिंगी, वीसच्या वर लाल. अंतर पंधराचं, म्हणजे नारिंगी. नारिंगीचा अर्थ असा ठरलेला की देखरेख करणाऱ्यानं त्याच दिवशी तालुक्याला फोन करायचा आणि मशीनचे तास वाढवून मागायचे.

काकांनी फोन केला नाही. त्यांच्या दृष्टीनं वर्तुळ नेहमीचंच होतं. फोन आला नाही म्हणजे बोरगावला जादा तास नको आहेत असं धरून तालुक्यानं दुसरं पोकलेन शेजारच्या गावाला दिलं. पुढच्या सोमवारी हवे होते 85, झाले होते 60. अंतर पंचवीस, वर्तुळ लाल. तेव्हा मशीनची ओढाताण सुरू झाली, पण तोवर रोहिणी लागल्या होत्या आणि वळवाचा एक चांगला पाऊस पडून गेला. ज्यांनी काळी माती पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. आमची काळी कसदार जमीन भिजली की लोण्यासारखी होते. पोकलेनसारखं अवजड यंत्र त्यात उतरवलं तर ते रुतून बसतं आणि वाटेतल्या कास्तकाराच्या वावराचीही नासाडी होते. खोलीकरणात चुकलेला आठवडा पावसानंतर भरून काढता येत नाही, पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते. बोरगावच्या नाल्याचा खालचा भाग तसाच राहिला.

आढावा बैठकीत काकांना विचारलं गेलं, आणि ज्या स्वरात विचारलं गेलं तो मला सहन झाला नाही. लक्ष नव्हतं, हलगर्जीपणा केला, असे शब्द आले. काका एवढंच म्हणाले, "हिरवंच होतं साहेब. मी पाह्यलं ना." बैठक संपल्यावर मी त्यांना बाहेर निंबाखाली गाठलं. फोनवर चार वर्तुळं काढून दाखवली, लाल, नारिंगी, पिवळं, हिरवं. विचारलं, यातलं वेगळं कोणतं? त्यांनी पिवळ्यावर बोट ठेवलं. "हे उजळ हाय. बाकीचे त एकाच रंगाचे. हे एक जरा मळकं." मळकं म्हणजे लाल. मी म्हटलं, काका, मलेही असंच दिसते. ते माझ्याकडे पाहतच राहिले. आयुष्यभर त्यांनी कोणाला हे सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. पिकलेलं टमाटं ते दाबून ओळखत होते आणि संत्रा वजनावरून. काम चालत होतं. त्यांचं काम अडलं ते आमच्या तक्त्यानं.

मी त्याच आठवड्यात ऑफिसातल्या ताईंशी बसलो, ज्या तक्ता सांभाळतात. वर्तुळ हातानं भरलं जात नव्हतं, सूत्रानं येत होतं. सी रकान्यात अपेक्षित टक्के, डी रकान्यात झालेले:

```
=IF(C2-D2>20,"🔴",IF(C2-D2>10,"🟠","🟢"))
```

म्हणजे बदल एकाच ठिकाणी करायचा होता. पहिली सूचना आली ती रंग बदलण्याची. लालऐवजी निळा ठेवू, म्हणजे तुम्हाला दिसेल. मला दिसला असता हेही खरं. पण निळा म्हणजे अडलं हे गावातल्या प्रत्येकाला नव्यानं शिकवावं लागलं असतं, आणि काळ्यापांढऱ्या प्रिंटमध्ये तोही करडाच. दुसरी सूचना आकारांची होती, अडल्याला त्रिकोण, मागे पडल्याला चौकोन. ती बरी होती, पण लहान स्क्रीनवर, उन्हात, बारीक आकारही एकमेकांत मिसळतात, आणि कोणत्या आकाराचा अर्थ काय हे पुन्हा पाठ करावं लागतं. मी शब्द मागितला. शब्द आधी, वर्तुळ नंतर:

```
=IF(C2-D2>20,"अडले 🔴",IF(C2-D2>10,"मागे 🟡","वेळेत 🟢"))
```

वर्तुळ मी काढून टाकायला सांगितलं नाही. ज्यांना रंग दिसतो त्यांना चौदा गावांच्या यादीत लाल कुठे आहे हे एका नजरेत कळतं, आणि ती सोय त्यांच्याकडून काढून घ्यायचं मला काही कारण नाही. नारिंगीच्या जागी पिवळं मात्र मुद्दाम घेतलं, कारण उजळपणाचा तेवढा तरी आधार राहतो. शब्द आधी ठेवण्याला एक व्यवहारी कारण आहे. रकाना अक्षरांच्या क्रमानं लावला की अ, म, व असा क्रम लागतो, आणि अडलेली गावं आपोआप वर येतात, मग मागे पडलेली, मग वेळेतली. शब्द निवडताना ताईंनीच हे पाहिलं. पहिल्यांदा आम्ही "थांबले" घेणार होतो, त्यानंही थ, म, व असा हवा तोच क्रम लागला असता, पण अडलेला माणूस "अडलं" असंच म्हणतो.

बदल केल्यावर पहिल्याच सोमवारी एक गंमत न वाटणारी गोष्ट झाली. तक्त्याच्या दुसऱ्या पानावर पुण्याच्या देणगीदारांसाठी गोषवारा असतो. किती गावं लाल, किती नारिंगी, किती हिरवी. तिथे तिन्ही ठिकाणी शून्य आलं. कारण मोजणारं सूत्र नुसतं वर्तुळ शोधत होतं:

```
=COUNTIF(Sheet1!E2:E15,"🔴")
```

आता खान्यात नुसतं वर्तुळ नव्हतं, शब्द आणि वर्तुळ होतं, आणि हे सूत्र पूर्ण खाना जुळला तरच मोजतं. तिन्ही शून्य आले म्हणून लगेच लक्षात आलं. तीनपैकी एकाच ओळीचं सूत्र जुनं राहिलं असतं, तर "एकही गाव अडलेलं नाही" अशी खोटी आनंदाची बातमी पुण्याला गेली असती आणि कोणी शंकाही घेतली नसती. म्हणून दोन गोष्टी केल्या. मोजणं शब्दावर आणलं, पुढे काहीही असलं तरी चालेल असं:

```
=COUNTIF(Sheet1!E2:E15,"अडले*")
```

आणि गोषवाऱ्याच्या खाली एक ओळ वाढवली: तिन्हींची बेरीज आणि गावांची संख्या. चौदा गावं असतील तर बेरीज चौदाच यायला हवी. न आल्यास अहवाल पाठवायचा नाही. जे कोणी असा बदल आपल्या तक्त्यात करतील, त्यांनी वर्तुळावर अवलंबून असलेलं प्रत्येक सूत्र, प्रत्येक गाळणी आधी शोधावी. इमोजी डोळ्यांना सजावट वाटते, पण सूत्राला तो मजकूर असतो, आणि मजकूर बदलला की सूत्र तुटतं.

पुण्याहून थोडी कुरकुर आली. रकाना रुंद झाला, पानावर गर्दी वाटते, एका दृष्टिक्षेपात कळत नाही. मी त्यांना कीटकनाशकाच्या डब्याचं चित्र पाठवलं.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या काळात डब्यावरच्या खुणेबद्दल आमच्याकडे गावोगाव बोलणं झालं, म्हणून ती खूण मला चांगली माहीत आहे. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो, दोन त्रिकोणांत विभागलेला. खालच्या त्रिकोणात विषारीपणाप्रमाणे रंग: अतितीव्र विषाला लाल, मग पिवळा, मग निळा, आणि सर्वात सौम्याला हिरवा. नियम इथेच थांबला असता तर लाल डबा आणि हिरवा डबा मला सारखाच वाटला असता, एका टोकाचं विष आणि दुसऱ्या टोकाचं. पण वरच्या त्रिकोणात शब्द आहे. लाल डब्यावर कवटी आणि हाडांचं चित्र आणि त्याबरोबर "विष". पिवळ्यावर कवटी नाही, शब्द विषाचाच. निळ्यावर "धोका", हिरव्यावर "सावधान". रंग गेला तर शब्द राहतो, वाचता येत नसेल तर कवटी राहते. शब्द ज्या लिपीत छापतात त्याच्या आणि ज्या आकारात छापतात त्याच्या माझ्या स्वतंत्र तक्रारी आहेत. तरी ज्यानं हा नियम लिहिला त्यानं रंगाला एकटं सोडलं नाही, एवढं खरं.

वेबच्या सुगम्यता-नियमांतही हेच आहे, कलम 1.4.1: माहिती देण्याचं एकमेव दृश्य साधन रंग असू नये. तिथल्या तीन पायऱ्यांपैकी ही सर्वात खालची, म्हणजे एवढं तर हवंच. देणगीदारांच्या स्वतःच्या संकेतस्थळाला ते हा नियम लावतात. अहवाल अंतर्गत कामाचा, म्हणून त्याला लावला नव्हता. चित्र आणि कलम दोन्ही पाठवल्यावर रुंद रकान्याबद्दल पुन्हा पत्र आलं नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. पूर्ण अंध व्यक्ती फोन बोलका करून हा अहवाल ऐकते, तेव्हा फोन प्रत्येक इमोजीचं नाव उच्चारतो, लाल वर्तुळ, हिरवं वर्तुळ. तिला रंग कळतो. मीही कधी कधी तसंच करतो, संदेश निवडून फोनला वाचायला लावतो. ज्याला अजिबात दिसत नाही त्याच्यापर्यंत माहिती पोचते, आणि ज्याला जवळजवळ सगळं दिसतं तो मधल्या मधे गळतो, कारण त्याला मदत लागते हे ना त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, ना बहुतेकदा त्याला स्वतःला ठाऊक असतं.

आपला अहवाल तपासायचा असेल तर रंगांध माणूस शोधत बसायची गरज नाही. बऱ्याच फोनच्या सुगम्यता सेटिंगमध्ये रंगांचा भाग असतो आणि त्यात पूर्ण स्क्रीन करड्या छटांत नेण्याची सोय असते. ती सुरू करायची आणि आपलाच अहवाल वाचायचा. कोणतं गाव अडलं आहे हे तरीही सांगता आलं, तर अहवाल सगळ्यांसाठी ठीक. नाही आलं, तर बहुधा माझ्यासाठीही नाही. बहुधा म्हणतो, कारण करड्या छटा म्हणजे माझी नजर नव्हे. निळा आणि पिवळा त्या चाचणीत कधी एकसारखे होतील, मला मात्र ते वेगळे दिसतील. चाचणी कडक आहे, आणि कडक बाजूला झुकलेली बरी.

आता काकांना सोमवारी "बोरगाव मागे 🟡" असं येतं आणि ते त्याच दिवशी फोन लावतात. तक्त्याचं काम झालं, नकाशाचं राहिलं आहे. तालुक्याच्या भिंतीवर आणि संगणकावर जो नकाशा आहे, त्यावर प्रत्येक गावाला रंगीत टाचणी आहे आणि तिथे शब्द बसत नाही, चौदा गावांची नावंच एकमेकांवर चढतात. ताईंचं म्हणणं, टाचणीत अ, म, व असं एकेक अक्षर घालू. माझं म्हणणं, वेळेतल्या गावांची टाचणी पोकळ ठेवू, मागे पडलेल्याची अर्धी भरलेली आणि अडलेल्याची पूर्ण भरलेली, म्हणजे दुरूनही कळेल. दोन्ही नकाशांची काळीपांढरी प्रिंट काढून येत्या बैठकीत काकांसमोर ठेवायची ठरली आहे. त्यांना बैठकीच्या खोलीच्या दारातून, सहा-सात हातांवरून, जी वाचता येईल ती घ्यायची.